बटणं बंद, दार उघडं

*नमस्कार काका,*
*आमच्याकडे सात किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे, ड्राय बाल्कनीत. मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. मी चाइल्ड लॉक कायम लावून ठेवते, पॅनलवर CL दिसतं. तरी परवा मुलगा दार उघडून अर्धा आत शिरला होता आणि मुलगी बाहेरून दार लोटत होती, लपाछपी म्हणून! चाइल्ड लॉक बिघडलं आहे का? मेकॅनिक म्हणतो, बरोबर आहे. सासूबाई सांगतात, दार उघडं ठेवलं नाही तर रबराला वास मारतो, तेही खरंच आहे. आता डिशवॉशरही घेतलाय, त्याचंही तेच होणार का? सुट्टीत मुलं साताऱ्याला माझ्या माहेरी जातात, तिथे सेमी ऑटोमॅटिक आहे. नेमकं काय करू?*
*— एक आई, डोंबिवली*

ताई,

मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे. तुमचं लॉक बिघडलेलं नाही. ते दारासाठी नाहीच, बटणांसाठी आहे. मशीन चालू असताना मुलाने बटणं दाबली, प्रोग्रॅमचा गोल खटका फिरवला, तरी धुणं बिघडू नये, एवढंच त्याचं काम. मशीन रिकामं, बंद उभं असताना दार उघडायला ते आडवं येत नाही. नाव ऐकून सगळ्यांचीच समजूत होते, की लहान मुलापासून मशीनला कुलूप लागलं.

दाराचं कुलूप वेगळं असतं. प्रोग्रॅम सुरू झाला, की दाराजवळच्या छोट्या पेटीत वीज जाते, आतला तुकडा तापतो, पट्टी वाकते आणि एक खिळा पुढे सरकून दाराचा हुक अडवतो. सुरू करताना जो ‘टक्’ आवाज येतो, तो हाच. प्रोग्रॅम संपला तरी दार लगेच उघडत नाही, कारण तो तुकडा थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. नव्या काही मशीनमध्ये हेच काम विजेच्या झटक्याने होतं, पण तत्त्व तेच: हे कुलूप मशीन चालू असतानाच लागतं. मशीन थांबलेलं असताना दार फक्त हुकावर टेकलेलं असतं. बाहेरून हँडल ओढलं की उघडतं, बाहेरून लोटलं की बसतं.

आणि आतून? अनेक घरगुती मशीनमध्ये आतून उघडायला काहीच नसतं. हुक हँडल ओढल्यावर सुटतो आणि हँडल बाहेर आहे. मूल ड्रममध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं असतं, हातपाय ताणायला जागा नसते, त्यामुळे जोर लावता येत नाही. दाराभोवतीचं जाड रबर पाणी बाहेर येऊ देत नाही, तसा आवाजही बाहेर येऊ देत नाही. आत हवा नावापुरतीच. म्हणून तुम्ही जे पाहिलंत त्यात मुलाचं आत शिरणं जितकं धोक्याचं, तितकंच मुलीचं दार लोटणं. दार बाहेरून बसवणारं कोणीतरी लागतं किंवा मूल स्वतःच आत ओढून घेतं, आणि मग खेळ पाहणारं कोणी जवळ नसेल तर कळतसुद्धा नाही.

हे घाबरवायला लिहीत नाही. जपानमध्ये २०१५ साली टोकियो परिसरात सात वर्षांचा मुलगा आणि जानेवारी २०१८ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात पाच वर्षांचा मुलगा असाच फ्रंट लोड मशीनमध्ये अडकून दगावला. वयं बघा. म्हणजे तुमचा धोका अडीच वर्षांच्या मुलापुरता नाही, सहा वर्षांची मुलगीही त्याच वयोगटात मोडते. दक्षिण कोरियात अशाच घटनांनंतर २०१० साली एलजी कंपनीने दहा लाखांहून अधिक ड्रम मशीनच्या दारांच्या कड्या बदलून द्यायची मोहीम काढली होती, आतून ढकलल्यावर उघडतील अशा. फ्रिजच्या बाबतीत हा धडा त्याआधीच घेतला गेला होता. अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला, की फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे. आज फ्रिजला कडी नसते, चुंबकाची पट्टी असते, त्याचं मूळ तिथे आहे.

आता तुमच्या मशीनचं लॉक नेमकं काय करतं, ते एकदा तपासून घ्या. कंपनीगणिक फरक असतो, म्हणून दुसऱ्याच्या मशीनचा अनुभव धरू नका. दोन्ही मुलं घरात नसताना किंवा झोपलेली असताना ड्रम रिकामा ठेवून ‘रिन्स’ किंवा ‘स्पिन’ लावा. मशीन सुरू झालं की लॉक लावा. पॅनलवर कुलुपाचं किंवा लहान मुलाच्या चेहऱ्याचं चिन्ह ज्या बटणाजवळ किंवा दोन बटणांच्या मधोमध असतं, ते साधारण तीन सेकंद दाबून धरायचं. मग एकेक बटण दाबून बघा. बहुतेक बटणं दाद देणार नाहीत, पण पॉवरचं बटण बहुधा देईल. अनेक मशीन लॉक असतानाही पॉवरने बंद होतात. त्यानंतर मशीन पुन्हा चालू करून प्रोग्रॅम संपू द्या आणि बघा, CL अजून दिसतं का. काही मशीनमध्ये प्रोग्रॅम संपला की लॉक आपोआप निघतं, काहींत तुम्ही काढेपर्यंत राहतं. शेवटी भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि लाइट गेल्यावर लॉक टिकतं का, तेही कळेल.

या तपासणीतून हाती काय लागतं? एकच गोष्ट, पण महत्त्वाची. लॉक टिकत असेल तर आत मूल असताना बाहेरच्या मुलाच्या हातून मशीन सुरू होणार नाही. लॉकचा एवढाच खरा फायदा. पण तेच काम भिंतीवरचा स्विच जास्त चांगलं करतो. वीजच नाही तर पॅनल जागंच होत नाही, बटणांशी खेळायलाही काही उरत नाही. लहान मुलं तीन सेकंद बटण दाबून धरायला शिकतात, ते त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मला ‘मशीन चालूच होत नाही’ म्हणून बोलावणं यायचं, जाऊन बघितलं तर CL पेटलेलं आणि आईला पत्ताच नाही. मग घरातलं पोर शेजारी उभं राहून ‘मी केलं’ म्हणायचं. तेव्हा शेवटचा कपडा काढला, की स्विच बंद. हे तुम्ही, सासूबाई आणि कामाला येणाऱ्या मावशी, तिघींनी करायला हवं. स्विच मशीनच्या मागे हात न पोचण्याजोगा असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून वर घेऊन घ्या. एवढा खर्च वाया जात नाही.

पण मूळ प्रश्न दाराचा आहे आणि तो तुमच्या घरात दोन बाजूंनी ओढला जातोय. सासूबाईंचं चुकत नाही. दाराच्या रबराला आतून एक घडी असते, त्यात पाणी, लिंट आणि साबणाचा चिकटा साचतो. दार घट्ट बंद राहिलं की चार दिवसांत काळे ठिपके येतात आणि धुतलेल्या कपड्यांना कोंदट वास लागतो. पावसाळ्यात डोंबिवलीत तर विचारूच नका. मात्र दिवसभर दार सताड उघडं ठेवणं हा त्यावरचा एकमेव उपाय नाही. ओलावा घालवायचा असतो, दार उघडं ठेवायचं नसतं.

तुमच्या घराच्या वेळेत बसवून सांगतो. धुणं संध्याकाळी लावत असाल तर मुलं झोपल्यावर संपेल असं लावा. कपडे काढले, की कोरड्या सुती फडक्याने रबराची घडी बोटाने उलटून पुसा, खालचा भाग विशेष, कारण पाणी तिथेच थांबतं. साबणाचा कप्पाही थोडा बाहेर ओढून ठेवा. मग ड्राय बाल्कनीच्या दाराला वरची कडी घालून रात्रभर मशीनचं दार खुशाल उघडं ठेवा. सकाळी मुलं उठायच्या आत दार लावून त्यावर पट्टा लावायचा. रात्रभरात रबर कोरडं होतं. महिन्यातून एकदा ड्रम रिकामा ठेवून ६० किंवा ९० अंशांवर ‘टब क्लीन’ चालवा, म्हणजे वासाची तक्रार उरणार नाही. सासूबाईंना हेच सांगा, की दार उघडं राहणार आहे, फक्त वेळ बदलली आहे.

पट्टा म्हणजे कपाटांना, ड्रॉवरना लावायचा जो चिकटणारा सेफ्टी पट्टा मिळतो, तोच. त्याचं एक टोक दाराच्या कडेवर आणि दुसरं मशीनच्या पुढच्या किंवा बाजूच्या पत्र्यावर, बिजागऱ्यांच्या विरुद्ध बाजूला. लावण्याआधी दोन्ही जागा साबणाने धुऊन, कोरड्या करून, मेडिकलमध्ये मिळतं त्या स्पिरिटने पुसा. टाल्कम किंवा तेलाचा हात लागू देऊ नका. चिकटवून दाबून धरा आणि पूर्ण दिवस हात लावू नका. ‘लावला आणि लगेच निघाला’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच, की लावल्या लावल्या ओढून बघितला. दुसऱ्या दिवशी जोर लावून बघा, सुटला तर पुन्हा नवा. आणि दर महिन्याला एकदा ओढून बघत जा, कारण दमट हवेत डिंक हळूहळू ढिला होतो. पट्टा असा घ्या, की सोडायला दोन बटणं एकदम दाबावी लागतील. उंचीवर भरवसा ठेवू नका. मशीनची उंची साधारण ८५ सेंटीमीटर असते आणि अडीच वर्षांचं मूल जवळजवळ ९० सेंटीमीटरचं. त्याला मशीनच्या वरचं सगळंच हाताला लागतं.

दिवसाही हवा खेळती ठेवायची असेल, तर पट्टा असा बसवा की दार दोन-तीन बोटांइतकं किलकिलं राहील, त्याहून उघडणार नाही. यात डोकं शिरत नाही. किलकिलं दार मुलीने बाहेरून लोटून बंद केलं तरी हरकत नाही, कारण आत जायलाच कोणाला मिळत नाही. आपल्याला आत जाणं अडवायचं आहे, दार बंद होणं नव्हे. हे लक्षात राहिलं की पट्टा कुठे किती सैल ठेवायचा, ते तुमचं तुम्हीच ठरवाल.

मुलीशीही बोला, पण रागवून नको. तिला ड्रम दाखवा, आतून हँडल नाही हे तिच्या हाताने चाचपडून बघू द्या. सहा वर्षांच्या मुलीला ‘आतून दार उघडत नाही’ हे कळतं, ‘मशीनशी खेळू नको’ यापेक्षा पक्कं कळतं. लपायच्या जागांची एक यादी तिच्याकडूनच करून घ्या, मशीन, फ्रिज, कपाट आणि दिवाण त्यात नाहीत. अडीच वर्षांच्या मुलावर मात्र समजावणं सोडून द्या. त्याच्या बाबतीत पट्टा आणि कडी हेच काम करणार. आणि कपडे भरताना तुमची स्वतःची एक सवय: दार लावायच्या आधी ड्रममध्ये हात फिरवायचा आणि दोन्ही मुलं कुठे आहेत ते नजरेने बघायचं, मगच स्टार्ट. कपडे भरता भरता फोन आला आणि उठून गेलात, तर येऊन पुन्हा हात फिरवायचा.

साताऱ्याच्या सेमी ऑटोमॅटिकचा प्रश्न अगदी वेगळा आहे. तिथे कोंडून घेण्याचा धोका नाही, बुडण्याचा आहे. धुण्याच्या टबावर हलकं प्लास्टिकचं झाकण असतं, ते कुठेही अडकत नाही. आपल्याकडे एक रिवाज आहे: पांढरे कपडे काढले, की तेच साबणाचं पाणी रंगीत कपड्यांसाठी ठेवायचं, आणि पाणी कमी येतं तिथे खळबळलेलं पाणीही पुढच्या फेरीला ठेवायचं. मधल्या वेळात टब अर्धा-पाऊण भरलेला उभा राहतो आणि जवळच स्टूल, बादली किंवा पाट असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीत रोहिणीत तीन वर्षांची जुळी मुलं वॉशिंग मशीनच्या पाण्यात बुडून गेली, आई थोड्याच वेळासाठी धुण्याची पावडर आणायला बाहेर गेली होती. २०२३ मध्ये दिल्लीतच दीड वर्षाचं मूल साबणाच्या पाण्यात पडलं, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होतं, पण वाचलं. मुलाचं डोकं जड, म्हणून वाकताना तोल जातो तो डोक्याच्या बाजूने, आणि टबाच्या अरुंद तोंडातून परत वर यायला हातांना जागा नसते.

तेव्हा आईबाबांना एवढंच सांगा: मुलं घरात आहेत तोवर पाणी साठवून ठेवायचं नाही. टबाजवळून हलायचं झालं, की ड्रेनचा खटका फिरवायचा, पाणी वाया गेलं तरी चालेल. ज्यांना पाणी टाकवत नाही, त्यांनी ते झाकणाच्या, कडी लागणाऱ्या पिंपात काढून घ्यावं. स्टूल मोरीतून बाहेर. आणि पिळायच्या बाजूचं झाकण उघडून बघा: फिरणारं टोपलं साधारण १५ सेकंदांत थांबायला हवं. फिरतच राहिलं तर ब्रेक ढिला झालाय, दुरुस्त होईपर्यंत ती बाजू वापरू नका. झाकण उघडल्यावर थांबतंय म्हणून आपण बिनधास्त हात घालतो, मूलही तेच बघून घालतं.

टॉप लोड कोणाकडे असेल तर तिथेही लॉक बघून घ्यावं. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये लॉक लावलेलं असताना झाकण उघडं राहिलं, तर थोड्या वेळाने इशारा देऊन पाणी आपोआप सोडून दिलं जातं, ते या बुडण्याच्या भीतीनेच. सगळ्यांत नसतं, म्हणून माहितीपुस्तिकेत पाहून घ्या.

आता डिशवॉशर. चाइल्ड लॉकची गोष्ट तीच, ते बहुतेक मॉडेलमध्ये बटणांसाठीच असतं, आणि चालू डिशवॉशरचं दार ओढलं तर उघडतं. मशीन थांबतं, पण ‘इंटेन्सिव्ह’ प्रोग्रॅमचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं आणि वाफ थेट तोंडावर येते. उपाय सोपा: मुलं झोपल्यावर लावायचं. इथे मोठं दुखणं वेगळं, ते म्हणजे साबण.

डिशवॉशरचा साबण भांड्यांच्या साध्या साबणासारखा नाही. तो तीव्र क्षारयुक्त असतो. तो तोंडात गेला तर ओठ, जीभ आणि अन्ननलिका भाजतात, डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. मुलांच्या हाती तो दोन वाटांनी लागतो. पहिली वाट दारातून. आपण टॅबलेट आधी टाकून ठेवतो, भांडी सावकाश भरतो, दार खाली पडलेलं असतं आणि टॅबलेटचा कप्पा मुलाच्या नाकासमोर. म्हणून सगळी भांडी भरून झाल्यावर, दार लावायच्या क्षणी साबण टाका. धुणं संपल्यावरही कप्पा बघा. प्रोग्रॅम मध्येच थांबला असेल किंवा मोठी पातेली कप्प्याच्या झाकणाला टेकली असतील, तर ओलसर पावडर तशीच राहते, ती पुसून टाका.

दुसरी वाट आपल्या डब्यांची. सिंकखाली श्रीखंडाचा रिकामा डबा असतो आणि त्यात सुटी पावडर. मुलाला डब्यावरचं चित्र आठवतं, त्याने तो उघडावाच. पावडर, टॅबलेट, कपड्यांच्या जेलच्या पिशव्या, सगळं मूळ पाकिटात आणि माळ्यावर किंवा कडी लागणाऱ्या वरच्या कपाटात. त्या जेलच्या रंगीत पिशव्या गोळीसारख्या दिसतात, दाताखाली किंवा हातात फुटल्या तर आतलं द्रव जोराने उडतं. युरोपात २०१५ पासून अशा पिशव्यांचा डबा अपारदर्शक आणि मुलांना सहज न उघडणारा असावा, वरची पातळ पिशवी कडू असावी, असा नियमच आहे. आपल्याकडे अशा पिशव्या घ्यायच्याच असतील तर उघडायला कठीण झाकणाचा डबा बघून घ्या. माझं मत विचाराल, तर दोन्ही मुलं शाळेत जाईपर्यंत कपड्यांना साधी पावडरच बरी.

भांडी लावताना सुऱ्या आणि काटे टोक खाली करून ठेवा किंवा वरच्या रॅकमध्ये आडवे. दार खाली पडलेलं असताना त्यावर चढून उभं राहण्याचा मोह मुलांना होतोच. सुटा ठेवलेला डिशवॉशर त्या भाराने पुढे कलंडू शकतो, वर गरम पातेली. मशीन ओट्याखाली बसवलं असेल तर बसवणाऱ्याकडून ते ओट्याला स्क्रूने घट्ट करून घ्या. घेतलं तेव्हा केलं नसेल तर आता बोलवा. सुटंच असेल तर भरताना तुम्ही समोर उभं राहा आणि दार उघडं टाकून खोलीबाहेर जाऊ नका.

एवढं करूनही काही घडलंच, तर हे लक्षात असू द्या. मूल आत अडकलंय आणि मशीन बंद आहे: हँडल ओढा, विजेची गरज नाही. मशीन चालू आहे: भिंतीवरचा स्विच बंद करा, टक् आवाज येईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं हँडल ओढत राहा. तरी उघडलं नाही, तर अनेक फ्रंट लोडना खाली फिल्टरच्या छोट्या झाकणामागे आणीबाणीची दोरी किंवा पट्टी असते, ती ओढल्यावर हुक सुटतो. ती तुमच्या मशीनमध्ये कुठे आहे, हे आजच शोधून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला मेकॅनिक आला, की त्याच्याकडून एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या.

पाण्यात पडलेलं मूल बाहेर काढलं आणि श्वास चालत नसेल, तर तोंडाला तोंड लावून हवा भरायला सुरुवात करा, छाती दाबा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. ते रडत उठून बसलं तरी दवाखान्यात न्याच, कारण साबणाचं पाणी फुप्फुसात गेलेलं असेल तर श्वासाचा त्रास काही तासांनी सुरू होतो. साबण तोंडात गेला तर पुसून काढा, पाण्याने चूळ भरवा, पण ओकारी काढायला लावू नका. मिठाचं पाणी, लिंबू, ताक, काहीही नको: परत वर येताना तोच साबण अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतो. डोळ्यात गेला तर नळाच्या हलक्या धारेखाली १५-२० मिनिटं, रडलं तरी धुवत राहा. पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे, तो मोबाइलमध्ये आणि फ्रिजवर लिहून ठेवा, आणि साताऱ्याच्या घरीही.